पाठपोट निरोप

विमानतळावर निरोपाचं भाषण करायचं असेल तर ते नेमकं कुठं उभं राहून करायचं, याचा विचार मी सोडून बाकी सगळ्या जगानं केलेला होता. सुरक्षा दलानं केला होता, म्हणून तिकीट नसलेल्या माणसाला गेटाच्या आत पाऊल टाकता येत नाही. वाहतूक पोलिसांनी केला होता, म्हणून गेटासमोर गाडी थांबते ती सामान उतरवण्यापुरतीच. आणि मुंबईच्या टर्मिनल टू-चा आराखडा काढणाऱ्या अमेरिकन वास्तुविशारदांनी तर फारच प्रेमानं केला होता. भारतात पोचवायला आलेल्या माणसांना बाहेरच थांबावं लागतं, हे कळल्यावर त्यांनी चौथ्या मजल्यावर, निर्गमनाच्या बाजूला, उंचच्या उंच काचेची भिंत उभी केली. आपलं माणूस आत रांगेत उभं आहे, पुढे सरकतंय, हे बाहेरच्यांना दिसत राहावं म्हणून. 2014 पासून ही काच आहे. आवाज मात्र तिच्यातून जात नाही. पोचवायला आलेल्यांमध्ये एखादा वक्ता असू शकतो, हे बहुधा त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तो वक्ता मी.

आमच्या कॉलेजच्या टोळक्यातला पंत एम.एस. करायला डॅलसकडे निघाला होता. त्याचं खरं नाव इथं नको, सगळं कॉलेज त्याला पंतच म्हणायचं. पोचवायला कोण कोण जाणार याची यादी ठरत होती तेव्हा 'गाडीत एकच जागा उरलीय' असं त्याच्या आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या आणि मित्रमंडळींनी एकमतानं माझं नाव दिलं. मला वाटलं, आपल्या वाणीवरच्या विश्वासापोटी. नंतर कळलं की बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं.

तरीही जबाबदारी ती जबाबदारीच. मी तयारीला लागलो. परदेशी शिकायला निघालेल्या माणसाला निरोप म्हटल्यावर आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करणं भाग होतं. फेब्रुवारी 1883 मध्ये त्यांनी श्रीरामपूरला भर सभेत भाषण केलं. नगरचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं. आपण अमेरिकेला वैद्यकी शिकायला का चाललो आहोत, हे त्यांनी जमलेल्या लोकांना इंग्रजीतून सांगितलं. वय अठराच्या आतलं. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. या प्रसंगात एक बारीक गोष्ट होती, जी माझ्यासारख्या चतुर माणसाच्या नजरेतून अर्थातच सुटली: भाषण जाणारीनं केलं होतं. पोचवणाऱ्यांनी ऐकलं होतं.

दुपारी चार वाजता कोथरूडहून निघायचं होतं. निघालो सव्वासहाला, कारण बॅगा. पंताच्या तिकिटावर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि हातातली सात किलोची एक, असा हिशेब होता. काकांनी स्प्रिंगचा हातकाटा आणला होता. बॅगेच्या कडीत आकडा अडकवायचा, उचलून धरायची आणि थरथरत्या हातांनी आकडा वाचायचा. पहिली बॅग 22.8 भरली, दुसरी 22.9. काकांनी दोन्हींवर खडूनं आकडे लिहिले आणि जाहीर केलं की आता यांना कुणीही हात लावायचा नाही. दुसऱ्या बॅगेत कुकर होता. कुकरच्या पोटात गोड्या मसाल्याच्या आणि मेतकुटाच्या पिशव्या ठासून भरलेल्या. मोकळी जागा वाया घालवणं काकूंना मान्य नव्हतं. हे मी आता कौतुकानं सांगतोय खरा, पण पुढचं सगळं रामायण त्या एका तत्त्वातून झालं.

मग आत्या आल्या. पंताला पाटावर बसवून कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं, आणि सगळ्यांचं लक्ष दह्याकडे असताना डिंकाचे लाडू नि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मिळून एक किलो दोनशे ग्रॅमचा ऐवज काकूंच्या हवाली केला. काकूंनी तो दुसऱ्या बॅगेत सरकवला. आपले लाडू नि आत्यांचे लाडू एकाच डब्यात बसवले, म्हणजे पुन्हा जागा वाचली.

आणि मग मी माझी भेट काढली. पितळी गणपती. गणेशोत्सव पंधरा दिवसांवर आला होता, पंत पहिल्यांदाच घराबाहेर. मला कल्पना फार हृद्य वाटली होती. तुळशीबागेतल्या दुकानदारानंही 'भरीव आहे, आयुष्यभर टिकेल' असं सांगितलं होतं. भरीव होता. एक किलो आठशे ग्रॅम. बाप्पांना 'वजन जास्त होतंय' म्हणायची कुणाची टाप होती? तेही दुसऱ्या बॅगेत विराजमान झाले. काकांचा खडूचा आकडा बॅगेवर तसाच होता, त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

गाडीत माझं भाषण नव्यानं लिहिणं चालू होतं. आदल्या रात्रीचा मसुदा घरी राहिला होता, आणि घाटात पाऊस लागल्यावर मला त्याहून भारदस्त वाक्यं सुचायला लागली होती. कागद हवा होता. काकूंनी सगळ्या कागदांच्या प्रती काढून ठेवल्या होत्या, तिकिटाच्या तर ढीगभर. त्यातली एक घेऊन मी तिच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. मागच्या सीटवर काकांचं आणि पंताचं संभाषण चालू होतं. काका म्हणत होते, "फाईल हातातून सोडायची नाही. आय-ट्वेंटी, पासपोर्ट, ॲडमिशनचं पत्र, सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत आय-ट्वेंटी गेला तर तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनवाल्याला काय दाखवणार, लाडू?" पंत 'हो बाबा' म्हणत होता. मी मध्येच त्याला गप्प राहायला सांगितलं, कारण मला 'क्षितिज'चा पुढचा शब्द सापडत नव्हता.

विमान पहाटे चारचं होतं. बाराच्या सुमारास आम्ही सहारच्या उन्नत मार्गावरून थेट चौथ्या मजल्यावर आलो. माझ्या कल्पनेत असं होतं, की आम्ही उतरणार, अर्धवर्तुळ करणार, पंत मध्ये, आणि मी घसा साफ करणार. प्रत्यक्षात गाडीचं दार उघडायच्या आत शिट्टी वाजली. पोलिसाची. "चला, चला, गाडी पुढे घ्या." ड्रायव्हरदादांनी बॅगा खाली टाकल्या आणि पार्किंगकडे पळ काढला. आमच्या डावीकडे एक सोळा माणसांचं कुटुंब हार घालून एका मुलीचे फोटो काढत होतं, उजवीकडे कुणाची तरी आजी ट्रॉलीवर बसून रडत होती. मी घसा साफ केला. तेवढ्यात काकूंना आठवलं की पॉवर बँक चेक-इनच्या पहिल्या बॅगेत आहे. ती हातातल्या बॅगेतच हवी, लिथियमची बॅटरी विमानाच्या पोटात चालत नाही. भर पदपथावर बॅग उघडली, पॉवर बँक काढली, बॅगेवर बसून ती बंद केली. बसायचं काम माझ्याकडे होतं. बसल्या बसल्या भाषण सुरू करावं असं मनात आलं होतं, पण बसून बोललेल्या निरोपाला उंची येत नाही.

शेवटी मी ठरवलं की भाषण लेखी द्यावं. पंत विमानात बसेल, खाली मुंबईचे दिवे दिसत असतील, तो पासपोर्ट उघडेल आणि आत माझा कागद. या चित्रानं माझेच डोळे भरून आले. पंत काकूंच्या पाया पडत असताना मी त्याच्या हातातल्या पासपोर्टमध्ये आधीच असलेला तिकिटाचा कागद काढला आणि तिथं माझा ठेवला. नीट घडी करून, भाषणाची बाजू वर. तिकीट मागच्या बाजूला होतंच की. आधीचा कागद मी खिशात टाकला. इतकी व्यवस्थित बदली मी आयुष्यात दुसरी कधी केलेली नाही.

गेटावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान पासपोर्ट घेतो, तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवतो, फोटो आणि चेहरा जुळवतो, आणि सोडतो. काही सेकंदांचं काम. पंतानं पासपोर्ट दिला. जवानानं घडी उलगडली. आणि वाचायला लागला. आमचं दुर्दैव असं, की तो साताऱ्याकडचा निघाला. हिंदीभाषक असता तर कागद उलटून बघितला असता.

"इसवी सन 1883 साली," तो शांतपणे वाचत म्हणाला, "आनंदीबाई जोशी..." मग पासपोर्टकडे पाहिलं. मग पंताकडे. पंताला दाढी आहे. "नाव काय तुमचं?"

पंतानं नाव सांगितलं.

"मग ह्या आनंदीबाई कोण? बरोबर हाएत का तुमच्या?"

मागच्या रांगेतून एक सूटवाला पुढे डोकावून म्हणाला, "अहो, पहिल्या भारतीय महिला डॉक्टर त्या."

"त्यांचं तिकीट कुठंय?" जवान म्हणाला. तो थट्टा करत होता की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढची दोन वाक्यं त्यानं मनातल्या मनात वाचली असावीत, कारण त्याच्या मिशा हलल्या. मग तो म्हणाला, "हे तिकीट न्हाई, हे भाषण हाय."

"पाठीमागं बघा, पाठीमागं!" मी दोरीच्या अलीकडून ओरडलो. जवानानं स्वतःच्या पाठीमागं बघितलं. रांगेतल्या सगळ्यांनी आपापल्या पाठीमागं बघितलं. विमानतळावर मध्यरात्री 'पाठीमागं बघा' असं ओरडू नये, एवढं मी इतरांच्या सोयीसाठी इथं नमूद करतो. शेवटी पंतानंच कागद उलटा केला, नाव जुळलं आणि तो आत गेला. जाताना त्यानं माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मित्रत्वाचा होता असं म्हणता येणार नाही.

मग ती काच. आम्ही चौघं, काका, काकू, आत्या नि मी, काचेला नाक लावून उभे राहिलो. आत पांढरे प्रचंड खांब वर जाऊन छताशी फुलतात, त्या छताची नक्षी म्हणे मोरपिसावरून घेतलेली आहे. त्या मोरपिसाखाली पंत काउंटरशी पोचला. पहिली बॅग पट्ट्यावर गेली, पुढे सरकली. दुसरी गेली आणि थांबली. काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली. पंतानं आमच्याकडे वळून दोन बोटं दाखवली, मग पाच, मग नऊ.

"दोन तास एकोणसाठ मिनिटं उशीर आहे वाटतं," आत्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा मात्र पडला. पंचवीस किलो नऊशे. त्यांना खडूच्या आकड्याचं दुःख झालं होतं. 22.9 अधिक आत्यांचे 1.2 अधिक माझे बाप्पा 1.8. बेरीज त्यांनी तिथल्या तिथे केली आणि माझ्याकडे बघितलं. पहिली बॅग तर पुढे गेलेली. हातातली बॅग लॅपटॉप नि फायलींनी सात किलोला टेकलेली. पैसे भरले असते तर तीच बॅग 32 किलोपर्यंत चालली असती. पण वीस तासांहून लांबच्या प्रवासाला निघालेल्या मुलाच्या बापाला त्या पैशांचा आकडा ऐकवल्यावर ते म्हणाले, "तेवढ्यात तिकडे हलवायाचं दुकान निघेल."

पंताचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला. इथून पुढची दहा मिनिटं जे बोललं गेलं तेच खरं निरोपाचं भाषण होतं. त्यात माझं एकही वाक्य नव्हतं.

"आई, काय काढू?"

"लोणचं काढून हातातल्या बॅगेत घे."

"नको, नको," काका म्हणाले, "शंभर मिलीच्या वरचं पातळ आत सोडत नाहीत, आणि लोणचं पातळातच धरतात. सिक्युरिटीत काढून घेतील. ते बॅगेतच राहू दे."

"जीन्स घाल अंगावर. आहे त्याच्यावर दुसरी."

"जाकीट पण घाल. अंगावरच्या कपड्यांचं वजन करत नाहीत."

या दोन वस्तूंनी एक किलो सुटलं. ऑगस्टच्या मुंबईत, दोन जीन्स आणि डॅलसच्या थंडीसाठी घेतलेलं जाकीट घालून पंत काचेपलीकडे उभा राहिला तेव्हा तो शिकायला नव्हे, अंटार्क्टिकावर तळ टाकायला निघाल्यासारखा दिसत होता. मग त्या मुलीनं काहीतरी विचारलं. पंत म्हणाला, "आई, त्या विचारतायत, सुकं खोबरं आहे का?"

काकूंनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी काचेकडे. मुंबईच्या काउंटरवर हा प्रश्न सर्रास विचारतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते ढिगानं ठेवलं तर आपोआप तापत जातं, पेटूही शकतं. विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. ते हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि पोटातल्याही. आत्या पुटपुटल्या, "अगंबाई, ओटीत घालतो ते आपण." खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. चारशे ग्रॅम गेले. उरले दीड किलो.

"गणपती काढू का?" पंतानं विचारलं.

फोनच्या दोन्ही बाजूंना शांतता पसरली. काकू म्हणाल्या, "बाप्पाला दारातून परत पाठवायचं?" मी म्हणालो, "हातातल्या बॅगेत घे की." काका म्हणाले, "भरीव पितळ आहे. एक्स-रेमध्ये काळा गोळा दिसेल. बॅग उघडायला लावतील, आणि हातातल्या बॅगेचं वजन कोण सांगणार, तू?" मी गप्प बसलो. भाषणासाठी राखून ठेवलेला आवाज तोवर तसाही बसला होता.

लाडूंचा डबा निघाला. बरोबर दीड किलो. काकांची बेरीज शेवटच्या ग्रॅमपर्यंत जुळली. एवढा एकच आनंद त्यांना त्या रात्रीत मिळाला.

आता डबा नि खोबरं बाहेर कसं आणायचं? एकदा आत गेलेल्या प्रवाशाला सहजासहजी बाहेर येता येत नाही. पंत गेटापर्यंत आला आणि त्यानं त्याच साताऱ्याच्या जवानाला विनंती केली. जवानानं पिशवी उघडून बघितली, आम्हाला दोरीपाशी बोलावलं. पंत आत, आम्ही बाहेर, मध्ये दोन हातांचं अंतर आणि जवान. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली, माझा चेहरा ओळखला आणि बाजूला सरकून म्हणाला, "तुमीच न्हवं ते भाषणवाले? घ्या बोलून. दोन मिनिटं."

इतकी तयारीची जागा कुठल्याही वक्त्याला मिळाली नसेल. समोर नायक, घामानं निथळणारा, दोन जीन्समध्ये. डोळे भरलेले आईवडील. रांगेतला तोच सूटवाला, जो बहुधा कुणाची तरी वाट बघत थांबला होता. राज्याचा प्रतिनिधी म्हणून बंदूकधारी जवान. मी तोंड उघडलं. आनंदीबाई आठवेनात. क्षितिज आठवेना. पंताकडे बघत होतो आणि डोळ्यांपुढे येत होता तो त्या बॅगेतला पितळी गणपती. माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं:

"पुढच्या वर्षी लवकर या!"

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग त्या सोळा माणसांच्या कुटुंबातल्या कुणीतरी सवयीनं 'मोरया' म्हटलं. जवानानं पहिल्यांदाच मोकळेपणी हसून मान फिरवली. पंताला हसूही येत होतं आणि रडूही. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी यायचं तर आधी आय-ट्वेंटीवर ट्रॅव्हलची सही घ्यावी लागते. ती वर्षभरच चालते. लवकर कसा येऊ?" सगळ्यात तांत्रिक उत्तर त्यानं सगळ्यात हळव्या क्षणी दिलं. म्हणूनच त्याला ॲडमिशन मिळाली आणि मला गाडीतली जागा.

त्यानंतर आम्ही थांबलो, कारण पोचवायला आलेले लोक 'इमिग्रेशन झालं' असा मेसेज आल्याशिवाय हलत नाहीत. तो पावणेतीनला आला. चारच्या सुमारास खालापूरच्या फूड मॉलवर चहाला थांबलो. विमान तेव्हा धावपट्टीवर असेल. काकू म्हणाल्या, "लाडू तरी खा रे, त्याच्या नावानं." डबा उघडला. वरचे दोन लाडू उचलले आणि खाली, जागा वाया जाऊ नये म्हणून एका मोज्यात गुंडाळून ठेवलेली वस्तू हाताला लागली.

कुकरची शिट्टी.

कुकर अमेरिकेला निघाला होता, शिट्टी द्रुतगती मार्गावर होती. काकूंनी लाडू खाली ठेवला आणि त्याच क्षणी घरच्या ग्रुपवर विचारलं, "डॅलसला कुणी जाणारं आहे का?" पुण्यात सगळे झोपलेले, पण तिकडे संध्याकाळ होती. न्यू जर्सीच्या मामेबहिणीचं लगेच उत्तर आलं की इकडच्या इंडियन स्टोअरमध्ये शिट्ट्या मिळतात. काकूंनी लिहिलं, "त्या बसणार नाहीत." लोणावळा येईपर्यंत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणारं एक माणूस सापडलंसुद्धा, आत्यांच्या सोसायटीतल्या कुणाचा तरी जावई. दोनशे ग्रॅमपर्यंत नेतो म्हणाला.

मला एकदम हुरूप आला. खिशातला तिकिटाचा दुसरा कागद काढला, त्याचीही पाठ कोरीच होती. म्हटलं, "काकू, मग त्याच्याबरोबर मी एक चिठ्ठी लिहून देतो. भाषण राहिलंच माझं."

काकूंनी कागद माझ्या हातातून काढून घेतला, त्यात शिट्टी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

"चिठ्ठी नको," त्या म्हणाल्या. "नुसती शिट्टी जाऊ दे."